पाच किलोंचा जमाखर्च

सकाळचे जोर आटोपून पोरे हौद्यातली तांबडी माती फावड्याने सारखी करीत होती, आणि ताक व तेल मुरलेल्या त्या मातीचा ओलसर वास तालमीच्या दगडी भिंतींपर्यंत पोहोचला होता, तेव्हा वस्तादांनी एका पोराला हाक मारून काट्यावर उभे केले. काटा ७० किलोंवर स्थिरावला. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकविण्यात माझी तीस वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर कोल्हापुरास परतल्यापासून सकाळचा फेरफटका या तालमीच्या कट्ट्यावर संपविण्याचा माझा परिपाठ आहे. त्यामुळे वस्ताद माझ्याकडे वळून बोलू लागले यात नवल नव्हते.

"मास्तर, निवड चाचणीला अजून दीड महिना आहे. याला ६५ च्या गटात उतरवायचा विचार आहे. पाच किलोंचा तर मामला. तो बघा," असे म्हणून त्यांनी कोपऱ्यात धापा टाकीत बैठका मारणाऱ्या एका किराणा व्यापाऱ्याकडे बोट दाखविले, "शेट ११० किलोंचे आले होते. दोन महिन्यांत पाच किलो उतरले आणि आता त्यांचा चेहरा बघा, कसा खुलला आहे. शेटना जे जमलं ते या पोराला का जमू नये?"

"जमेल, किंबहुना शेटजींपेक्षा पुष्कळच लवकर जमेल," मी म्हणालो, "आणि भीती नेमकी त्याचीच आहे. काट्यावर दोघांचेही पाच किलोच दिसतील. पण शेटजींच्या पाच किलोंत चार किलो चरबी असेल आणि पोराच्या पाच किलोंत ती दोनसुद्धा भरणार नाही. बाकीचे सव्वातीन किलो त्याच्या मांसातून, रक्तातून, यकृतातून आणि त्या सर्वांत मुरलेल्या पाण्यातून वजा होतील."

वस्तादांना हे पटले नाही, आणि ते न पटण्यासारखेच होते. कारण त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव असा की मांस टिकते ते मेहनतीने आणि खुराकाने, आणि जो माणूस घाम गाळीत नाही त्याचेच मांस झडते. "उलटं सांगताय, मास्तर. शेटचं अंग बिनमेहनतीचं. मांस जाईल तर त्यांचं जाईल. हे पोरगं रोज पाचशे जोर मारतं, बदाम खातं, दूध पितं. त्याचं मांस कशाला जाईल?"

मी त्यांना विचारले, की एखाद्या घरावर तंगीचा काळ आला तर प्रथम काय मोडले जाते? ज्याच्या कणग्या भरलेल्या आहेत तो कणगीत हात घालतो. ज्याची कणगी मुळातच रिकामी आहे त्याला बैलजोडी विकावी लागते, मग तो बैलांची निगा कितीही उत्तम राखीत असो. वस्ताद हसले, पण ही उपमा झाली, पुरावा नव्हे, हे त्यांनी बरोबर ओळखले, आणि आकडे मागितले.

आकड्यांचा इतिहास थोडा सांगावा लागला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे गिल्बर्ट फोर्ब्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी आयुष्याचा मोठा भाग माणसाच्या शरीरातील मेद आणि मेदेतर भाग यांचे मोजमाप करण्यात घालविला. त्यांची एक पद्धत मोठी सुंदर होती. आपल्या शरीरातील पोटॅशियमचा एक अत्यल्प अंश निसर्गतःच किरणोत्सारी असतो, आणि पोटॅशियम हे मांसपेशींत व इतर अवयवांच्या पेशींत भरलेले असते, चरबीत मात्र ते जवळजवळ नसते. म्हणून जाड पोलादी भिंतींच्या खोलीत, बाहेरचे किरण अडवून, माणसाला काही वेळ निजवून त्याच्या अंगातून येणारे किरण मोजले, की चरबी सोडून बाकीचे शरीर किती याचा अंदाज त्याला सुई न टोचता काढता येतो. कृश आणि स्थूल अशा अनेक स्त्रियांची मोजमापे एकत्र मांडल्यावर फोर्ब्सना असे दिसले, की मेद वाढत जातो तसा मेदेतर भागही वाढतो, पण सारख्या प्रमाणात नव्हे. आरंभी तो झपाट्याने चढतो आणि पुढे पुढे ती चढण सपाट होत जाते. १९८७ मध्ये त्यांनी या वक्ररेषेचा अर्थ सविस्तर मांडला, आणि २००७ मध्ये केविन हॉल यांनी त्यातील गणित मोठ्या वजनघटीलाही लागू पडेल असे सुधारून घेतले.

"त्या रेषेतून एक साधा हिशेब निघतो," मी सांगितले. "माणसाच्या अंगावर जितके किलो चरबी आहे त्या संख्येत १०.४ मिळवा, आणि आलेल्या बेरजेने १०.४ ला भागा. वजन उतरू लागताना पहिल्या घसरणीत मेदेतर भागाचा वाटा किती, हे त्या भागाकारात येते. शेटजींच्या अंगावर समजा ४२ किलो चरबी आहे. बेरीज ५२.४, वाटा वीस टक्के, म्हणजे पाचातला एक. या पोराच्या अंगावर चिमट्याने मोजले तर दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सात किलो चरबी निघेल. बेरीज १७.४, वाटा साठ टक्के. आणि उतरता उतरता चरबी आणखी कमी होत असल्यामुळे पाचही किलो मिळून तो त्रेसष्ट टक्के भरतो."

हौद्याच्या कडेला एका पोराने टाकलेले फावडे वस्तादांनी उचलून भिंतीला टेकविले. मग ते म्हणाले, "पण आमच्या डॉक्टरीणबाई सांगतात की कुणाचंही वजन उतरलं तरी चौथा हिस्सा मांसाचा. त्यांनी शेटनाही हेच सांगितलं."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि वादात हा मुद्दा आल्याचा मला आनंद झाला. पावहिश्शाचा हा नियम बरीच वर्षे वैद्यकात रूढ आहे. पण तो आला कोठून हे पाहिले म्हणजे त्याची मर्यादा ध्यानी येते. दवाखान्यात वजन उतरविण्यासाठी येणारी माणसे बहुधा स्थूल असतात, त्यांच्या अंगावर तीसेक किलो चरबी असते, आणि ३१ किलो चरबी असलेल्या माणसाचा हिशेब वरील रीतीने केला तर बरोबर पाव हिस्साच येतो. शेटजींनी पाचावर न थांबता वीस किलो उतरविले तर त्या विसांपैकी पावणेपाच किलो मेदेतर भाग जाईल, म्हणजे पुन्हा पावच्या जवळपास. नियम चुकीचा नाही. तो रेषेवरच्या एका टप्प्याचे वर्णन आहे, आणि सबंध रेषेचे म्हणून सांगितला गेला. साडेदहा किलो चरबीच्या माणसात तोच हिस्सा निम्मा होतो, आणि त्याही खाली गेले की चरबीपेक्षा मांसच अधिक गळू लागते.

"हे गणित झालं," वस्ताद म्हणाले. "खरोखर उपाशी ठेवून कुणी बघितलं आहे का?"

पाहिले आहे, आणि ते पाहणे सोपे नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उद्ध्वस्त युरोपातील उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे म्हणून, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, ज्यांनी सदसद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र धरण्यास नकार देऊन अन्य सेवा पत्करली होती, १९४५ साली चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. पाव, बटाटे, कोबी, सलगम असा तो आहार, आणि त्याशिवाय आठवड्याला पस्तीस किलोमीटर चालणे. ते तरुण सरासरी ६९ किलोंचे, अंगावर चरबी चौदा टक्के, म्हणजे सुमारे साडेनऊ किलो. चोवीस आठवड्यांत प्रत्येकाचे सरासरी सतरा किलो वजन गेले, आणि त्यात चरबी होती अवघी सात किलोंच्या आसपास. बाकीचे दहा किलो शरीराच्या कामकरी भागातून गेले. फोर्ब्सची रेषा अशा माणसाकरिता पावणेअकरा किलोंच्या आसपास सांगते. त्यातही एक बारकावा असा, की त्या तरुणांचे घोटे पाण्याने सुजले होते, आणि ते पाणी मोजमापात मेदेतर बाजूलाच जमा धरले जाते. म्हणजे प्रत्यक्ष मांसाची तूट दिसते त्याहून मोठी होती.

"त्यांनी जोर मारले नव्हते," वस्ताद लगेच म्हणाले.

"नव्हते मारले, ते चालत होते," मी कबूल केले, "आणि तुमचा मुद्दा मी पुढे घेतोच. पण आधी हे का घडते ते ऐका. आपला मेंदू रोज शंभर ग्रॅमहून अधिक साखर मागतो. अन्नातून ती पुरेशी आली नाही आणि यकृतातला साठा संपला, की प्रथिने मोडून ती करावी लागते. पण अंगात चरबीचा ओघ भरपूर असेल तर यकृत त्या चरबीपासून दुसरे इंधन तयार करून मेंदूला पोचविते, आणि प्रथिनांवरची वसुली थंडावते. दीर्घ उपवास करणाऱ्या स्थूल माणसाच्या लघवीतला नायट्रोजन मोजला तर तो काही आठवड्यांत घसरून दिवसाला चार-पाच ग्रॅमवर येतो. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सहा-सव्वासहा ग्रॅम प्रथिन, आणि ते ज्या ओल्या मांसात होते ते तीस ग्रॅमच्या जवळपास. सडपातळ माणसात हा आकडा इतका खाली येत नाही. त्याच्या साठ्यातून चरबी तेवढ्या वेगाने सुटूच शकत नाही."

वस्ताद काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे सांगितले ते माझ्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचे वाटले. मागे एका सडपातळ पोराच्या आणि एका जाड्या गड्याच्या ताटातून त्यांनी सारख्याच भाकरी व सारखेच तूप कमी केले होते. तिसऱ्या आठवड्याला सडपातळ पोरगे बरेच उतरले आणि जाडा गडी मात्र रडतखडत निम्म्यावर. वस्तादांनी त्या वेळी जाड्याला चोरून खातोस म्हणून दमात घेतले. "तो शपथा घेत होता, मास्तर. मी ऐकलं नाही."

"तो खरे बोलत असेल," मी म्हणालो. "एक किलो चरबी जळली की ९,४०० किलोकॅलरी उष्मांक निघतात, एक किलो मेदेतर ऊतक, ज्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते, ते मोडले तर १,८०० च्या आसपास. आता याच पोराचे पाच किलो घ्या: पावणेदोन किलो चरबी आणि सव्वातीन किलो इतर भाग, बेरीज जवळजवळ साडेबावीस हजार. शेटजींचे पाच किलो: चार आणि एक, बेरीज जवळजवळ साडेएकोणचाळीस हजार. दोघांच्याही ताटातून रोज ६०० कमी केले, तर पोरगे पाच किलो अडतीस दिवसांत उतरेल आणि शेटजींना सहासष्ट दिवस लागतील. काटा झपाट्याने खाली येतो आहे याचा अर्थ आहार उत्तम लागू पडला असा आपण करतो. सडपातळ अंगाच्या बाबतीत त्याचा अर्थ स्वस्त माल विकला जातो आहे असा आहे."

पहिल्या आठवड्यातील घसरण मात्र यातून वगळावी, कारण तेव्हा साठवलेली साखर आणि तिच्यासोबत तिप्पट पाणी निघून जाते, आणि ते जेवण पूर्ववत् होताच परत येते.

आता वस्तादांची पाळी होती, आणि त्यांनी आपला मूळ मुद्दा सोडलेला नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की ही रेषा मेहनत न करणाऱ्यांची आहे. पैलवानाचे अंग त्या रेषेचे गुलाम नाही. येथे मला प्रामाणिकपणे त्यांच्या बाजूचा दाखला द्यावा लागला, कारण तो मला ठाऊक होता आणि त्यांना नव्हता. नॉर्वेत निवडक खेळाडूंवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एका गटाने आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के आणि दुसऱ्याने १.४ टक्के अशा वेगाने वजन उतरविले, आणि दोघांनीही आठवड्यातून चार वेळा वजने उचलण्याची मेहनत केली. सावकाश उतरणाऱ्या गटाचा मेदेतर भाग कमी होण्याऐवजी दोन टक्क्यांनी वाढला. झपाट्याने उतरणाऱ्यांचा जेथल्या तेथे राहिला. फोर्ब्सची रेषा हे सांगू शकली नसती.

"मग झालं की!" वस्तादांच्या आवाजात विजय होता.

"अर्धे झाले. त्या खेळाडूंना ती वजनांची मेहनत त्यांच्या नेहमीच्या सरावावर वरकड मिळाली होती. शरीराला नवी मागणी आली, म्हणून त्याने नवी तरतूद केली. तुमचे पोरगे पाचशे जोर तीन वर्षे मारते आहे. जी मेहनत त्याच्या अंगाने आजच हिशेबात धरलेली आहे तिने सध्याचे मांस राखले आहे, हे खरे. पण ताट कमी केल्यावर तीच मेहनत जास्तीचे काही देणार नाही. आणि दुसरे, त्यांचा वेग पाहा. ७० किलोंचा ०.७ टक्के म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. पाच किलोंना दहा आठवडे हवेत. तुमच्याजवळ सहा आहेत."

मेहनत रेषा हलविते, हे मला मान्य आहे, आणि भरपूर प्रथिनांचा खुराकही हलवितो. पण रेषेचा उतार कोणत्या बाजूला आहे ते मेहनत बदलीत नाही. ज्याच्या अंगावर सात किलो चरबी आहे त्याला मांस राखण्यासाठी जितकी झटापट करावी लागते तितकी बेचाळीस किलोवाल्याला करावी लागत नाही. वस्तादांनी हे पूर्ण मान्य केले असे म्हणता येत नाही. "अंग शिकवलं की शिकतं," एवढेच ते म्हणाले, आणि त्यांच्या अनुभवाचा मान राखून मी ते तसेच राहू दिले.

एवढ्यात शेटजी घाम पुशीत आमच्याजवळ आले आणि आपले मांस फारसे जात नाही हे ऐकून प्रसन्न झाले. त्यांना मात्र एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य होते. वाटा कमी आहे याचा अर्थ शिल्लक मोठी आहे असा होत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिनांच्या अंगावर चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. फोर्ब्सच्या हिशेबाने पाहिले तर आपल्याकडच्या अशा अंगाचा मांसाचा वाटा कमी जाईल. पण मुळात त्या अंगात मांस कमी आहे, आणि थोड्यातून थोडे गेले तरी ते जाणवते. रेषा वाटा सांगते. खात्यात मागे काय उरले ते सांगत नाही. म्हणून शेटजींनी बैठका सोडू नयेत.

यात शेटजींच्या बाजूने सांगण्यासारखे एक होते, तेही सांगितले. त्यांच्या पाच किलोंतला जो एक किलो मेदेतर म्हणून गेला, तो सगळा मांडीचा गोळा नव्हे; चरबीच्या ऊतकात स्वतःचे पाणी आणि प्रथिन असते, वाढलेल्या अंगाला पुरविण्यासाठी रक्त वाढलेले असते, ११० किलो उचलून चालायला पायांनी थोडे मांस जादा जमविलेले असते. ओझे उतरले की त्याचा हमाल काही अंशी रजेवर जातो. पोराच्या सव्वातीन किलोंत मात्र असा फालतू माणूस कोणी नाही.

"मग मास्तर, मला कळायचं कसं?" वस्तादांनी शेवटी विचारले. "पोलादी खोली कुठून आणू?"

खोली नको, असे मी म्हणालो. आणि तेव्हा वस्ताद आत जाऊन सुतळीचे दोन तुकडे घेऊन आले. हे त्यांचे जुने तंत्र आहे आणि मी ते त्या दिवशी प्रथमच नीट पाहिले. एक सुतळी बेंबीच्या रेषेत कमरेभोवती, दुसरी मांडीच्या मध्यावर. जेथे टोक मिळेल तेथे गाठ. दर रविवारी उपाशीपोटी तीच जागा, तीच सुतळी, नवी गाठ. कमरेच्या सुतळीवर गाठी आत सरकत आहेत आणि मांडीच्या सुतळीवर त्या एकावर एक बसत आहेत, तोवर जाते आहे ती चरबी. मांडीची गाठ सरकू लागली, किंवा मुठीचा दाब ढिला पडला, किंवा पहाटेच्या मातीत पोराला पूर्वी वाजत नव्हती ती थंडी वाजू लागली, तर काटा काहीही सांगो, जाते आहे ते मांस. थंडीचे ते लक्षण मिनेसोटाच्या तरुणांतही नोंदलेले आहे. उन्हाळ्यात ते घोंगड्या मागत.

त्यांनी पोराला पुन्हा उभे केले. कमरेला सुतळी घातली तेव्हा बोटाच्या चिमटीत धरण्याजोगीही चरबी तेथे नव्हती. वस्तादांनी दोनदा चिमटा घेऊन पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि मांडीवर दुसरी सुतळी गुंडाळून गाठ मारली.

"चार आठवडे बघतो," ते म्हणाले. "ही गाठ हलली तर ७० लाच खेळवतो."

"आणि ताटातून काय काढणार?"

"साखर आणि तूप. दुधाला हात लावणार नाही."

पोराने लंगोट सावरला आणि तो मातीत उतरला.